खालचा फोटो तसाच

बाऊक्ये पोस्टमाच्या हाताखाली काम शिकलेल्या कुणालाही विचारा, तो सगळ्यात आधी खोडरबराबद्दल बोलेल. बोल्सवर्ड गावातल्या, कालव्याकाठच्या त्या स्टुडिओत संगणकावर खोडरबर वापरायला बंदी होती. बाऊक्येने ते चिन्ह पडद्यावरच्या साधनांच्या पट्टीतूनच काढून टाकलं होतं. नवीन माणूस ते शोधत बसला, की ती मान वर न करता म्हणायची, "जे नको आहे ते झाकायचं. पुसायचं नाही."

स्टुडिओ सिक्केमांचा. आधी म्हाताऱ्या सिक्केमांचा, आता त्यांच्या मुलाचा, डर्कचा. बाऊक्ये तिथे वीस-बाविशीत आली, तेव्हा फोटो फिल्मवर असत आणि फोटोतलं नकोसं काही काढायचं तर निगेटिव्ह काचेवर ठेवून, भिंग लावून, धारदार पात्याने खरवडून त्या जागी शाई भरावी लागे. सिक्केमांचा हात त्यात बसलेला होता. बर्फावरच्या एका शर्यतीचा फोटो होता. पहिला आलेला स्केटर हात उंचावून उभा, आणि नेमका त्याच्या खांद्यामागे तोंड वासून बघणारा एक लोकरी टोपीवाला. सिक्केमांनी तो टोपीवाला इतक्या सफाईने खरवडला, की मागे नुसतं आभाळ राहिलं. दोन हिवाळ्यांनी त्या टोपीवाल्याची बहीण दुकानात आली. तो गेला होता आणि त्याचा मोठेपणचा एकही फोटो घरात नव्हता. सिक्केमांनी निगेटिव्ह उजेडासमोर धरली. जिथे माणूस होता, तिथे पात्याच्या बारीक रेघा आणि शाईचा थर होता. बाई "असू दे हो" म्हणून गेली. सिक्केमा त्या दिवशी जेवायला वर गेले नाहीत. बाऊक्ये कोपऱ्यात प्रिंट सुकवत होती. तिला कुणी काही शिकवलं नाही, पण तिचं शिकून झालं.

पुढे संगणक आले आणि बाऊक्येला जणू हवं तेच मिळालं. एका फोटोवर दुसरा पारदर्शक कागद ठेवावा, त्यावर तिसरा, तसे लेयर. सगळ्यात खाली मूळ फोटो, कुलूप लावलेला. त्याला ती कधीच हात लावत नसे. गाईंच्या स्पर्धेचा फोटो आला आणि गाईच्या पायाशी कुणाचं तरी कुत्रं बसलेलं असलं, तर ती वर एक रिकामा लेयर घ्यायची आणि खालच्या गवतातून गवत उचलून कुत्र्यावर त्या लेयरवरच रंगवायची. दोरखंड काढायचा तर त्याचा वेगळा लेयर. शेपटीला लागलेलं शेण, तेही वेगळं. रंग उजळायचा तर त्याचाही लेयर, सगळ्यात वर. प्रत्येकाला नाव. लेयरच्या शेजारी छोटा डोळा असतो, तो मिटला की तो लेयर दिसेनासा होतो आणि कुत्रं पुन्हा गवतात बसलेलं सापडतं.

"कुत्रं परत कुणाला हवंय?" डर्क विचारायचा.

"मालकाला. पुढच्या वर्षी."

"आणि शेण?"

"शेणाचं सांगता येत नाही, डर्क. गाय विकायची असली तर नको. गायच मेली, तर माणूस शेणासकट आठवतो."

डर्क हसायचा, पण त्याचंही खोटं नव्हतं. तिच्या फाइली गाईंएवढ्याच जड असत आणि डिस्का भराभर भरत. "अगं, गिऱ्हाइकाला एक सपाट फोटो द्यायचा असतो. तू त्याला कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांचा ठेवतेस."

"गिऱ्हाइकाला सपाटच देते ना. वेगळ्या नावाने. कांदा आपल्याकडे राहतो."

शुक्रवारी दुपारी मात्र बाऊक्ये गाई बाजूला ठेवायची. तेव्हा ती दुसरं काम करी, फुकट. मोठ्या शहरातल्या इस्पितळात काही बाळांना जन्मल्याबरोबर काचेच्या पेटीत ठेवावं लागतं आणि ती पेटीतच जातात. आईबापांकडे फोनवर काढलेला एखादा फोटो असतो आणि त्यात बाळापेक्षा नळ्या जास्त. असे फोटो साफ करून देणारी मंडळी देशभर विखुरलेली आहेत. बाऊक्ये त्यांतली एक. या कामाबद्दल ती दुकानात बोलत नसे. डर्कला एवढंच माहीत होतं, की शुक्रवारी दुपारी तिला हाक मारायची नाही आणि कॉफी तिच्या डाव्या हाताला गुपचूप ठेवून जायचं.

अशाच एका शुक्रवारी, जोराचा वारा सुटलेला असताना, दुकानाची घंटी वाजली आणि एक जोडपं आत आलं. ती पुढे, तो दारापाशीच. तिशीतली माणसं. तिने नाव सांगितलं, हिस्के. नवऱ्याचं वीत्से. "तुम्ही आमच्या मुलीचा फोटो केला होता. दोन वर्षं झाली. मारित."

बाऊक्येने खुर्ची पुढे ओढली. "आठवतं. उजव्या गालावर पट्टी होती, तिच्यावर कुणीतरी पेनने चांदोबा काढला होता."

हिस्के एकदम खाली बसली. तो चांदोबा तिने पाहिलेलाच नव्हता.

मग तिने सांगितलं, तुटक तुटक. मारित वेळेच्या फार आधी झाली. हिस्केचं ऑपरेशन झालं, रक्त फार गेलं, आणि शुद्ध पुरती येईपर्यंत मारित गेलेली होती. म्हणजे ती आजवर असंच समजून चालली होती. आपण आपल्या मुलीला जिवंतपणी एकदाही शिवलो नाही, हे तिने दोन वर्षं गिळलं होतं. आणि गेल्या आठवड्यात बाजारात, चीजच्या गाडीपाशी, तिला त्या वॉर्डातली नर्स भेटली. नर्स बोलता बोलता म्हणाली, तुमची खाट ढकलत आम्ही पेटीपाशी नेली होती ना, तुमचं बोट तिने कसं घट्ट धरलं होतं!

"मला काही आठवत नाही," हिस्के म्हणाली. "औषधांत बुडालेली होते. घरी येऊन याला विचारलं, तर हा म्हणतो, हो, धरलं होतं. मी फोटो काढला होता. म्हटलं, मग आपल्या फोटोत फक्त तीच का आहे?"

वीत्से दारापाशीच होता. "हात मी काढायला सांगितला," तो म्हणाला. "तुम्हाला लिहिलं होतं. नळ्या, पट्ट्या आणि सुई टोचलेला तो हात काढा, फक्त ती राहू द्या."

"आणि मूळ फोटो?"

"तुमचा साफ केलेला आल्यावर फोनवरून पुसून टाकला. मला बघवत नव्हता." मग बायकोकडे न बघता, "मला वाटलं, तिला आठवत असेल. ती बोलत नव्हती, म्हणून मीही बोललो नाही."

"दोन वर्षं, वीत्से!" हिस्के म्हणाली. बाऊक्ये संगणकाकडे वळली होती.

तिला तो फोटो नीट आठवत होता. पडद्यावर मोठा करून माणूस तासन्‌तास बघत बसला, की बोटांची ओळख होते. सुजलेलं बोट, पिवळट, आणि त्यावर अंगठी काढल्याची पांढरी खूण. नर्सच्या हाताला सुई कशाला टोचलेली असेल? तेव्हाच तिच्या मनात आलं होतं. पण बापाने सांगितलं होतं काढा, आणि असल्या घरात प्रश्न विचारायचे नसतात, हे तिला ठाऊक होतं. तिने त्याला एवढंच लिहून विचारलं होतं, की लेयरवाली फाइल मी तुमच्यासाठी जपून ठेवू का. "काय हवं ते करा, मला ती पाहायची नाही," असं उत्तर आलं होतं.

तिने दुकानाच्या डिस्कवर फाइल शोधली. सापडली. उघडली. बाजूच्या पट्टीत लेयरांची ओळ असायला हवी होती. तिथे एकच लेयर होता.

तिने फाइल बंद करून पुन्हा उघडली. एकच लेयर. साफ गालाची मारित, मुठी मिटून झोपलेली, आणि तिच्या खाली काहीही नाही.

"डर्क," बाऊक्ये म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण डर्क आतून हातातला लेन्स पुसायचा रुमाल तसाच घेऊन आला. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

हिवाळ्यात बाऊक्ये बहिणीकडे तेर्स्खेलिंग बेटावर गेली असताना डिस्क भरली होती. डर्कने संगणकालाच सांगून जुन्या वर्षांच्या साऱ्या फाइलींचे लेयर एकात दाबून टाकले होते. मोठ्या खुशीत होता तेव्हा. निम्मी डिस्क मोकळी झाली होती. सांगायचं मात्र राहून गेलं. "मला वाटलं, गाई आहेत," तो म्हणाला. "बाऊक्ये, शप्पथ. मला वाटलं सगळ्या गाईच आहेत."

हिस्के एकाकडून दुसऱ्याकडे बघत होती. "म्हणजे नाही?"

"इथे नाही," बाऊक्ये म्हणाली आणि खुंटीवरचा कोट काढला. "डर्क, यांना कॉफी दे. साखरेचा पाव काप, जाड काप. मी येतेच."

ती सायकलवरून घरी गेली. वारा समोरून होता, पुलाच्या चढावर तिला उतरून सायकल ढकलावी लागली. शुक्रवारच्या कामाची नक्कल ती पहिल्यापासून दुसऱ्या एका डिस्कवर ठेवत आली होती, घरी, फडताळात, मुरवलेल्या भाज्यांच्या बरण्यांशेजारी. डर्कवर अविश्वास म्हणून नव्हे. आग लागते, पाणी शिरतं, माणसं सुट्टीवर जातात. पण त्या फाइलची नक्कल नीट उतरली होती ना, हे तिने उघडून पाहिलं होतं का? परतीच्या वाटेवर वारा पाठीशी होता, तरी हा एक प्रश्न तिच्याबरोबर सायकलवर बसून आला.

दुकानात वीत्से आता आत येऊन बसला होता. पाव तसाच होता. डर्क उगीच काउंटर पुसत होता.

डिस्क लावली. फाइल उघडायला वेळ लागला, जड होती. मग उजवीकडच्या पट्टीत एकेक ओळ उमटत गेली. रंग. सलाईनची नळी. हात. नाकातली नळी. गालाची पट्टी. आणि तळाशी, कुलपाच्या खुणेसह, मूळ.

डर्कने श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला.

वीत्से पुढे वाकून नावं वाचत होता. एका ओळीपाशी तो थांबला. तिथे नुसतं "हात" नव्हतं. "हात, आईचा?" असं होतं.

"तुम्हाला कळलं होतं," तो म्हणाला.

"शंका होती. म्हणून तो वेगळा ठेवला. बाकी कशात मिसळू दिला नाही."

"मलाही माहीत होतं की तो तिचाच आहे." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "त्या दिवशी मला वाटलं, दोघीही जाणार. तो हात बघितला की तेच दिसायचं."

हिस्के त्याच्याकडे बघत राहिली. तिला नवऱ्याबद्दल ठाऊक नव्हतं असं काहीतरी तिला आता कळत होतं. मग ती बाऊक्येकडे वळली. "दाखवा."

बाऊक्येने हाताच्या ओळीतला डोळा मिटला.

तिने तेव्हा रंगवलेली, मिटलेली चिमुकली मूठ नाहीशी झाली. तिच्या जागी तीच मूठ, खरी, एका मोठ्या सुजलेल्या बोटाभोवती वळलेली. बोट एवढं मोठं, की मूठ त्याला पुरती वेढत नव्हती. पण धरलं होतं, घट्ट. नखं पांढरी झालेली दिसत होती.

हिस्केने आपला उजवा हात मांडीवर उलटा करून पाहिला.

"नर्स खोटं बोलत नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती," वीत्से म्हणाला. "तू डोळे उघडले होतेस. तू म्हणालीस, किती गरम आहे ही."

"मी म्हणाले?"

"तू म्हणालीस."

डर्क आत जाऊन उगीच काहीतरी हलवाहलव करू लागला.

फोटो अजून बरोबर नव्हता. मनगटापाशी ब्लँकेटचा एक डाग हातावर चढला होता. ब्लँकेटवरची सलाईनची नळी बाऊक्येने हात काढून झाल्यावर काढली होती. तेव्हा तिथे हात दिसतच नव्हता, म्हणून थोडं ब्लँकेट मनगटाच्या जागीही रंगवलं गेलं होतं. बोटावर गुलाबी झाकही दिसत होती. मारितची जांभळट कातडी उजळायला वर जो रंगाचा लेयर होता, त्याच्या सीमेत आता आईचं बोट सापडलं होतं.

"हे बिघडलंय का?" हिस्केने घाबरून विचारलं.

"बिघडेल कशाने? काही पुसलेलंच नाही." बाऊक्येने नळीच्या लेयरला मास्क लावला, म्हणजे तो लेयर कुठे दिसावा आणि कुठे नाही ते सांगणारं झाकण. काळं रंगवलं तिथे झाकलं जातं, पांढरं रंगवलं तिथे परत येतं. मनगटावर तिने काळा ब्रश फिरवला. ब्लँकेटचा डाग मागे सरला आणि मनगट वर आलं. मग रंगाच्या मास्कवर तिने बोटाच्या कडेने, नखाएवढ्या ब्रशने, तसंच केलं. एकदा ब्रश मुठीवर घसरला आणि मारितची करंगळी जांभळट झाली. बाऊक्येने ब्रश पांढरा केला, करंगळी पुन्हा उजळली. वीत्से हे सगळं बघत होता. कुणी त्याच्या घराच्या भिंतीत काम करत असावं, तसा.

मनगट आलं तशी सुईही आली. टोचलेली, पट्टी मारलेली, भोवती निळा डाग.

"हवं तर सुई काढते," बाऊक्ये म्हणाली. "हात राहील, सुई जाईल. वेगळा लेयर करीन. नाकातली नळी, चांदोबाची पट्टी, तुम्ही म्हणाल ते आणता येईल, म्हणाल ते झाकता येईल."

हिस्के नवऱ्याकडे बघून म्हणाली, "तू सांग."

"मी एकदा सांगितलं होतं," वीत्से म्हणाला. "आता तू सांग."

"तिच्या तोंडावर नळी नको. ते तू बरोबर केलंस." हिस्केने डोळे पुसले. "माझी सुई राहू दे. मी काही सुंदर दिसायला गेले नव्हते तिथे."

वीत्से हसला आणि ते हसू अर्ध्यातच मोडलं. त्याने तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो काढायला लावला नाही.

"चांदोबा?" बाऊक्येने विचारलं.

तिने पट्टीचा लेयर मिटून दाखवला. मारितच्या गालावर चिकटपट्टी आली आणि पट्टीवर निळ्या शाईचा, जरासा वाकडा, हसरा चांदोबा. पण पट्टीखालून नाकातली नळी जात होती आणि नळी झाकलेली, त्यामुळे पट्टीच्या कडेला गालाचा एक तुकडा चढलेला दिसला. बाऊक्येने तो मास्कने मागे घेतला. नळीचं एक टोक तेवढं पट्टीखाली उरलं. हिस्के म्हणाली, ते चालेल. मग म्हणाली, नको, पट्टी नकोच. मग पुन्हा म्हणाली, चालेल.

"दोन करू," बाऊक्ये म्हणाली. "एक चांदोबाचा, एक नुसता. घरी जाऊन ठरवा. पुढच्या वर्षी मन बदललं तरी या."

तिने दोन सपाट फोटो काढून दिले, नव्या नावांनी. वीत्सेला दोन वर्षांपूर्वी दिलेला होता, तोही तिथेच ठेवला, त्यालाही धक्का लावला नाही. लेयरवाली फाइल तिने दोन डिस्कांवर उतरवली आणि दोन्ही उघडून पाहिल्या. डर्क मागे उभा राहून बघत होता.

"त्या जुन्या गाई..." तो हळूच म्हणाला.

"घरी फक्त शुक्रवारचं काम असतं. गाई गेल्या."

"शेणासकट?"

"शेणासकट, डर्क. नवी डिस्क घे. मोठी घे."

हिस्केने कोट चढवला होता. पैशाचं विचारल्यावर बाऊक्येने मान हलवली आणि पावाचे दोन तुकडे कागदात बांधून दिले. हिस्के दारात पोचली. वीत्से मात्र संगणकापाशीच उभा होता.

"ते सगळ्यात खालचं," तो म्हणाला. "मी पुसलं होतं ते. एकदा दाखवाल?"

बाऊक्येने हिस्केकडे पाहिलं. हिस्के परत आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

बाऊक्येने वरून एकेक डोळा मिटला. रंग गेला आणि मारित जांभळट लाल झाली. सलाईनची नळी ब्लँकेटवरून सळसळत आली. नाकातली नळी आली, पट्टी आली. शेवटी कुलूपबंद तळचा फोटो उरला, इस्पितळाच्या पिवळ्या उजेडात, थोडा हललेला.

वीत्से पाहत राहिला. त्याने नजर वळवली नाही. "किती नळ्या होत्या," तो म्हणाला. मग, "पण बघ ना. एवढ्या सगळ्यात तिने बरोबर तुझंच बोट शोधलं."

हिस्केने त्याच्या दंडाला धरलं. बाहेर वाऱ्याने कुणाची तरी सायकल आडवी पाडली. तिघांपैकी कुणीही तिकडे पाहिलं नाही.

"बास," वीत्से म्हणाला. "आता झाका."

बाऊक्येने खालून वर एकेक डोळा उघडला. हाताची ओळ आली तेव्हा तिचं बोट माउसवर क्षणभर थांबलं. तो डोळा मिटलेलाच ठेवून ती पुढे गेली.